वीज आली, पण राहिलेल्या कामाचं काय?

तालुक्याच्या गावातली एक वितरकाची पेढी घ्या. विक्रेते दिवसभर मोबाइलवर बिलं करतात आणि ती ऑनलाइन साठत जातात. पेढीतला जुना विंडोज कॉम्प्युटर रोज सकाळी सहाला आपोआप ‘काल’ची बिलं उतरवून खातेवहीत चढवतो आणि दुकानदारांना बाकीचा मेसेज पाठवतो. शुक्रवारी, १३ जूनला संध्याकाळी वादळात वीज जाते, ती सोमवारी दहाला येते. शनिवार, रविवार आणि सोमवार, तीन सकाळचं काम बुडालं.

ही वेळ सांभाळतो टास्क शेड्युलर. त्यातल्या Settings पानावर `Run task as soon as possible after a scheduled start is missed` अशी एक चौकट असते. तिथे टिक नसेल, तर चुकलेलं काम चुकलंच. पुढची फेरी थेट मंगळवारी सकाळी. टिक असेल तर मशिन सुरू झाल्यावर साधारण दहा मिनिटांनी काम होतं, पण एकदाच. तीन फेऱ्या चुकल्या म्हणून तीन वेळा नाही.

खरी गंमत इथेच आहे. सोमवारी चाललेल्या फेरीच्या लेखी ‘काल’ म्हणजे रविवार, आणि रविवारी बिलंच नसतात. फेरी बिनतक्रार पार पडते, `Last Run Result` मध्ये `0x0`, म्हणजे सगळं ठीक, असं दिसतं. शुक्रवार-शनिवारची बिलं मात्र वहीत कधीच येत नाहीत. महिनाअखेरीला हिशेब जुळेना झाला की शोधाशोध सुरू!

लॅपटॉपची तऱ्हा वेगळी. नवं काम नोंदवताना Conditions पानावर `Start the task only if the computer is on AC power` ही चौकट आधीच टिक केलेली असते. बॅटरीवर गेल्यास काम थांबवण्याचीही. म्हणजे वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर तग धरून असतो, आणि नेमकं तेव्हाच काम होत नाही. झाकण मिटून झोपलेल्याला जागं करायला `Wake the computer to run this task` आहे, पण पॉवर ऑप्शन्समध्ये वेक टायमरला परवानगी हवी. पूर्ण बंद मशिनला त्याचा उपयोग नाही. डेस्कटॉप तर वीज आल्यावरही कुणी बटण दाबेपर्यंत गप्प बसतो. आपोआप सुरू व्हायला बायोसमध्ये तशी सोय चालू करावी लागते.

या चौकटी नीट केल्या तरी ‘काल’चा घोळ उरतोच. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने मिटवायचा. कोणत्या तारखेपर्यंतचं काम पूर्ण झालं, हे एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवावं. आपल्या पेढीत तिथे १२ जून असेल. सोमवारी प्रोग्राम ती तारीख वाचतो आणि १३, १४, १५ असे दिवस ओळीने घेतो. प्रत्येक दिवस संपल्यावरच फाइलमधली तारीख पुढे सरकवतो.

आता १४ तारखेची अर्धी बिलं चढली आणि पुन्हा वीज गेली तर? फाइलमध्ये १३ आहे, म्हणून १४ पुन्हा पहिल्यापासून होणार. म्हणून बिल चढवताना ‘या क्रमांकाचं बिल आधीच आहे का’ हे पाहायचं, असल्यास सोडून द्यायचं. एवढं केलं की तेच काम दहादा चालवलं तरी रक्कम दुप्पट होत नाही. खात्री करणं सोपं आहे: वहीची प्रत घ्या, तिच्यावर तारीख तीन दिवस मागे नेऊन काम चालवा. बेरीज तसूभरही हलता कामा नये.

मेसेजला हा उपाय पुरत नाही. गेलेला मेसेज परत घेता येत नाही, आणि मेसेज गेला पण नोंद व्हायच्या आत वीज गेली, असं होऊ शकतं. आधी नोंद केली तर एखादा मेसेज बुडेल, नंतर केली तर एखादा दोनदा जाईल. यातलं काय चालेल ते मालकाने ठरवायचं. बाकीच्या मेसेजला दोनदा गेलेला परवडतो. तीन दिवसांचे तीन मेसेज मात्र नकोतच. खाती तिन्ही दिवसांची चढवावीत, मेसेज शेवटच्या बाकीचा एकच पाठवावा. बँकेतून पैसे पाठवण्याचं काम असेल, तर ते आपोआप भरून काढूच नये. राहिलेल्यांची यादी काढून माणसाने पाहावं.

जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक फट असते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असेल, तर वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि दुरुस्त होईपर्यंत तसंच राहतं. म्हणून आजची तारीख फाइलमधल्या तारखेच्या मागे दिसली, किंवा फरक आठवड्यापेक्षा जास्त निघाला, तर प्रोग्रामने काहीही न चढवता थांबावं आणि पडद्यावर तसं सांगावं.