रेशमाच्या अळीची खोली

तुतीचा पाला तोच. अंडीपुंज त्याच केंद्रातून आणलेले. माणसेही तितकीच राबणारी. तरीही एका घरी शंभर अंडीपुंजांमागे साठ-सत्तर किलो कोष निघतात, आणि दुसऱ्या घरी अळ्या टोपलीने उकिरड्यावर टाकाव्या लागतात. असे का होते? पुष्कळ वेळा कारण असते खोलीची हवा.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे शेजारी आहेत. पण हवा पाहाल तर एका टोकाला महाबळेश्वर, जिथे वर्षाला दोनशे इंचांवर पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला माण, आटपाडी, जत. तिथे वीस इंच पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. अळी मात्र दोन्हीकडे एकच. तिला महाबळेश्वरही नको आणि जतचा उन्हाळाही नको. तिला हवी तशी हवा आपल्यालाच खोलीत करून द्यावी लागते.

अळीला अंगची ऊब नाही

आपण थंडीत बसलो तरी आपले अंग गरमच राहते. अळीचे तसे नाही. जेवढी खोलीची ऊब, तेवढीच तिच्या अंगाची. खोली वीस अंशांच्या खाली गेली की अळी सुस्तावते. ती खात नाही, खाल्लेले पचवत नाही. चार दिवसांचे काम सहा दिवसांवर जाते. खोली तीस अंशांच्या वर गेली की उलटे होते. अळी घाईने वाढते, पण अशक्त राहते. तिच्या पोटातली रेशमाची पिशवी पुरती भरत नाही. कोष हलका होतो, आणि रोग लवकर गाठतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. अळी कधी पाणी पीत नाही. तिला लागणारे सगळे पाणी पाल्यातूनच मिळते. पाला सुकला तर अळी उपाशी, आणि तहानलेलीही.

गवारीची शेंग आणि भोपळा

अळी चार वेळा कात टाकते. म्हणून तिच्या पाच अवस्था. अंड्यातून निघालेली अळी मुंगीएवढी असते. पंचवीस दिवसांच्या आतबाहेर तिचे वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढते. तान्ह्या लेकराला आणि कर्त्या पोराला आपण एकसारखे वागवत नाही. इथेही तसेच आहे.

गवारीची शेंग उन्हात टाकली तर एका दिवसात वाळते. भोपळा माळ्यावर महिनोन्‌महिने टिकतो. लहान वस्तूतले पाणी लवकर उडते, मोठ्या वस्तूतले उशिरा. पहिल्या दोन अवस्थांतली अळी म्हणजे गवारीची शेंग. कोरडी हवा तिला काही तासांत सुकवते. तिच्यासाठी पाला बारीक चिरावा लागतो, आणि चिरलेला पाला तर आणखीच लवकर वाळतो. म्हणून या वयात, म्हणजे चॉकीत, ऊब सत्तावीस अंशांच्या आसपास हवी आणि ओलावा पंचाऐंशी ते नव्वद टक्के.

शेवटच्या अवस्थेतली अळी म्हणजे भोपळा. सगळ्या पाल्यातला बहुतेक पाला, शंभरातला ऐंशी-पंचाऐंशी भाग, ती याच आठवड्यात खाते. इतके खाणे पचले की त्यातून ऊब निघते. विष्ठा साचते, पाल्याचे देठ साचतात. त्यातूनही ऊब आणि वाफ निघते. अंगातले जास्तीचे पाणी आणि ऊब अळीला बाहेर टाकायची असते. हवा आधीच ओली असली तर ते बाहेर पडत नाही. म्हणून आता ऊब तेवीस-चोवीस अंश हवी आणि ओलावा पासष्ट ते सत्तर.

ओलावा मोजायचा कसा?

हवेत पाण्याची वाफ असते. हवेत मावेल तेवढी सगळी वाफ भरली, तर ओलावा शंभर टक्के. अर्धी भरली, तर पन्नास. पण एक गोष्ट नीट ध्यानात धरा. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी.

तो मोजायला दोन नळ्यांचा तापमापक मिळतो. एक नळी कोरडी असते. दुसरीच्या बुडाला ओली चिंधी बांधलेली असते. हवा कोरडी असली की चिंधीतले पाणी भराभर उडते आणि ती नळी गार पडते. दोन आकड्यांत जितके अंतर जास्त, तितकी हवा कोरडी. कोरडी नळी सत्तावीस आणि ओली पंचवीस दाखवत असेल, तर ओलावा पंचाऐंशीच्या जवळ. चॉकीला हे ठीक. कोरडी चोवीस आणि ओली वीस असेल, तर ओलावा सत्तरच्या जवळ. मोठ्या अळीला हे ठीक. हा तापमापक अळ्यांच्या उंचीवर टांगावा, पत्र्याजवळ नव्हे. चिंधी ओली आणि स्वच्छ ठेवावी.

चैत्रातले जतकडचे घर

आता आपण दोन घरे मनात धरू. पहिले घर जतकडचे. महिना चैत्र. दुपारी दोन वाजता खोलीत कोरडी नळी पस्तीस दाखवते, ओली बावीस. म्हणजे ओलावा तीसच्या आसपास. चिरलेला पाला तासाभरात कुरकुरीत होतो.

"अवो, सकाळी पाला टाकला, तो तसाच पडलाय की! अळ्यांना भूकच नाही का?"

"भूक हाय गं. पण वाळलेला कसा खातील?"

या घरी उपाय सोपा आहे. दारे-खिडक्यांवर गोणपाट टांगून ते भिजते ठेवायचे. कोरड्या हवेत गोणपाटातले पाणी भराभर उडते. उडताना ते हवेतली ऊब घेते, माठातले पाणी गार होते तसे. खोली गारही होते आणि ओलीही होते. छपरावर पाचट किंवा पाल्याचा थर टाकला तर पत्रा तापत नाही. चॉकीच्या ट्रेवर मेणकागद झाकायचा आणि कडेने ओल्या स्पंजाच्या पट्ट्या ठेवायच्या. म्हणजे आतला पाला ताजा राहतो.

अळ्या मोठ्या झाल्या की गोणपाट दिवसभर भिजवायचे नाही. दुपारच्या तापात भिजवायचे, आणि सकाळ-संध्याकाळ दारे उघडून वारा खेळवायचा.

आषाढातले शिराळ्याकडचे घर

दुसरे घर शिराळ्याकडचे. महिना आषाढ. चार दिवस सूर्य दिसलेला नाही. कोरडी नळी बावीस, ओली साडेएकवीस. ओलावा पंचाण्णवच्या घरात. इथे गोणपाट भिजवून काही होत नाही. हवेत वाफेला जागाच नाही, तर पाणी उडणार कुठे?

चॉकीच्या अळीला बावीस अंश कमी पडतात. मग शेगडी आणावी लागते. निखारे बाहेर फुलवून, धूर पूर्ण गेल्यावरच शेगडी आत ठेवायची, आणि वरची झरोक्याची वाट मोकळी सोडायची. निखाऱ्याचा वायू अळीला घातक आहे आणि माणसालाही. म्हणून शेगडी आत असताना त्या खोलीत कोणी झोपू नये. विजेचा हीटर असेल तर तो बरा.

आता गंमत पाहा. बावीस अंशांची हवा तापवून सत्तावीस केली. वाफ तेवढीच राहिली, पण हवेची जागा वाढली. ओलावा पंचाण्णववरून सत्तरच्या आसपास उतरला! बाहेर मुसळधार पाऊस, आणि आत चॉकीचा पाला सुकू लागला. म्हणून भर पावसातही चॉकीला मेणकागद आणि ओल्या पट्ट्या लागतातच. पुष्कळजण इथेच फसतात.

मोठ्या अळीचे कोडे याहून अवघड आहे. तीच हवा चोवीस अंशांपर्यंत तापवली तरी ओलावा ऐंशीच्या वरच राहतो. तिला तर सत्तर हवा. नुसत्या शेगडीने हे साधत नाही. इथे पाच गोष्टी कराव्या लागतात. भिजलेला पाला घालायचा नाही, तो पंख्याखाली किंवा वाऱ्यावर निथळून मगच घालायचा. अळ्या विरळ ठेवायच्या. बेड रोज झाडून कोरडा करायचा. वर चुन्याची भुकटी भुरभुरायची, कारण चुना ओल शोषतो. आणि पाऊस असला तरी हवा हलती ठेवायची.

चुकले तर कसे ओळखावे?

कात टाकताना अळी खाणे थांबवते आणि डोके वर करून निजते. खोलीत ऊब कमीजास्त होत गेली, तर काही अळ्या निजतात आणि काही खातच राहतात. हा पहिला इशारा. अळ्या निजल्या की कागद काढून बेड कोरडा होऊ द्यावा आणि चुना भुरभुरावा. शंभरातल्या पंचाण्णव अळ्या कात टाकून उठल्या की मगच पाला घालावा. पण हवा फारच कोरडी पडली तर जुनी कात अंगाला चिकटून राहते.

अळी सुजली, चमकू लागली, बेडभर भटकू लागली, आणि तिला टोचल्यावर दुधासारखे पाणी निघाले, तर तो ग्रासरी रोग. अळी लोळागोळा झाली, ओकू लागली, मेल्यावर काळी पडून सडली, तर फ्लॅचरी. हे दोन्ही रोग गरम, कोंदट हवेत जोर धरतात. मेलेली अळी खडूसारखी पांढरी आणि कडक झाली, तर मस्कार्डिन. ही बुरशी आहे. ती गार, ओल्या हवेत फोफावते. रोगाचे बी बहुधा आधीच खोलीत असते, म्हणून खोली आधी धुऊन निर्जंतुक करावीच लागते. पण वाईट हवा त्या बीला पाऊस पडल्यासारखी मदत करते. रोगट अळी चिमट्याने उचलावी, चुन्याच्या पाण्यात टाकावी, आणि लांब पुरावी.

अळ्या चंद्रिकेवर चढल्या की काम संपले असे समजू नका. कोष विणण्यापूर्वी अळी पोटातले सगळे पाणी टाकते. त्या दोन दिवसांत दारे-खिडक्या उघड्या हव्यात आणि ओलावा साठ-पासष्टच्या वर नको. नाहीतर धाग्यावरचा डिंक वेळेवर वाळत नाही. मग कोष उकलताना धागा तुटतो, आणि बाजारात भाव पडतो.

भिंतीवर लिहून ठेवा

आता तुम्हाला अक्षरे आणि आकडे येतात. खडू घ्या आणि खोलीच्या दाराशी एवढे लिहा.

पहिली आणि दुसरी अवस्था: ऊब 26 ते 28 अंश, ओलावा 85 ते 90.
तिसरी: ऊब 25 ते 26, ओलावा 80.
चौथी: ऊब 24 ते 25, ओलावा 70 ते 75.
पाचवी: ऊब 23 ते 24, ओलावा 65 ते 70.
कोष विणताना: ऊब 24 ते 25, ओलावा 60 ते 65.

त्याच्या खाली रोज तीन वेळा दोन्ही नळ्यांचे आकडे लिहा. सकाळी, दुपारी दोनला, आणि पहाटे. पहाटेचा आकडा चुकवू नका. खोली सगळ्यात गार तेव्हाच होते, आणि तेव्हा आपण झोपेत असतो.