बग बाउंटी: दोन खाती, एक क्रमांक आणि समोरच्याला पटेल असा रिपोर्ट

जून २०२१ मध्ये सोलापूरच्या मयूर फरतडे या विद्यार्थ्याला फेसबुकने ३०,००० डॉलर दिले, ही बातमी तुम्ही वाचली असेल. रक्कम सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण त्याने नेमकं काय शोधलं हे फार कमी जणांनी वाचलं. शिकण्यासारखं तेच आहे.

इन्स्टाग्रामवरच्या प्रत्येक फोटोला, स्टोरीला एक मीडिया आयडी असतो. जाहिरातींसाठीच्या एका एंडपॉइंटला हा आयडी दिला की तो त्या पोस्टचा तपशील परत पाठवायचा. पोस्ट खाजगी असो की अर्काइव्ह केलेली, विचारणारा फॉलोअर आहे का हे तिथे तपासलंच जात नव्हतं. मुख्य स्क्रीनवर तपासणी होती, मागच्या दाराला नव्हती. या प्रकाराला आयडॉर म्हणतात आणि सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे, कारण त्याला महागडी साधनं लागत नाहीत. ब्राउझर आणि बर्प सूटची मोफत आवृत्ती पुरते.

समजा एका दुकानाच्या साइटवर तुम्ही दोन खाती उघडली, अ आणि ब. दोन्ही तुमचीच. अ मधून ऑर्डर दिली, तिचा क्रमांक ४८२१३. आता ब च्या सेशनमधून तीच ऑर्डर मागा:

```
GET /api/orders/48213
Cookie: session=B
```

४०३ किंवा ४०४ आलं तर दार बंद आहे, पुढे चला. २०० आलं तर लगेच नाचू नका. उत्तराच्या आत काय आहे ते वाचा. पुष्कळ साइट २०० देऊन रिकामी यादी किंवा लॉगिनचं पान पाठवतात. अ चा पत्ता आणि फोन नंबर खरंच दिसला तर बग आहे. मग थांबायचं. ४८२१४, ४८२१५ करून बघायचा मोह होतोच, पण ती दुसऱ्या कुणाची तरी माहिती आहे, आणि पुराव्यासाठी तुमची दोन खाती पुरेशी आहेत.

प्रोग्रॅम निवडताना म्हणूनच मी पहिला प्रश्न हा विचारतो: इथे मला स्वतःची दोन खाती उघडता येतात का? ओटीपी आणि केवायसीमध्ये अडकवणारी साइट नवख्याच्या कामाची नाही. मग स्कोप शब्दन्‌शब्द वाचायचा. हॅकरवन किंवा बगक्राउडवर प्रत्येक प्रोग्रॅमच्या पानावर कोणते डोमेन चालतील आणि काय करायचं नाही हे लिहिलेलं असतं. नगरच्या एखाद्या पतसंस्थेची किंवा कॉलेजची साइट कच्ची दिसली म्हणून तिच्यावर हात साफ करू नका. तिथे धोरण नाही म्हणजे परवानगी नाही, आणि परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. हेतू चांगला होता, हे नंतर पोलिसांना समजावत बसावं लागेल. अशा साइटवर सहज काही दिसलंच तर सर्ट-इनला कळवता येतं.

सुरुवातीला बक्षीस न देणारे, नुसते आभार मानणारे प्रोग्रॅम घ्या. पैसे नाहीत म्हणून तिथे गर्दी कमी असते. पैसेवाल्या प्रोग्रॅमवर सोपा बग तुमच्याआधी कुणीतरी दिलेला असण्याची शक्यता जास्त. मग तुमच्या रिपोर्टवर ‘डुप्लिकेट’ लागतं आणि सहसा काहीच मिळत नाही, बग खरा असला तरी. ‘इन्फॉर्मेटिव्ह’ म्हणजे म्हणणं बरोबर, पण धोका फारसा नाही. पहिले काही महिने हे दोनच शिक्के बघायची तयारी ठेवा, आणि घरखर्चाचं गणित या पैशांवर मांडू नका.

रिपोर्ट म्हणजे पेपरमधला ‘पद्धती’ विभाग समजा. वाचणाऱ्याने तुम्हाला काही न विचारता तोच निकाल काढला पाहिजे. ‘साइटमध्ये गंभीर आयडॉर आहे’ हे शीर्षक काहीच सांगत नाही. ‘ऑर्डर क्रमांक बदलून कोणताही ग्राहक दुसऱ्याचा पत्ता आणि फोन वाचू शकतो’ यात सगळं आलं. त्याखाली दोन्ही खात्यांची नावं, पायऱ्या, वरची रिक्वेस्ट जशीच्या तशी, मिळालेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर. परिणाम लिहिताना फुगवू नका. क्रमांक ओळीने वाढतात का, हे तुमच्याच दोन ऑर्डरवरून कळतं. ओळीने असतील तर सगळे ग्राहक धोक्यात आहेत. लांबलचक आणि यादृच्छिक असतील, तर हल्लेखोराला तो मिळणार कुठून, हे तुम्हालाच सांगावं लागेल. नाहीतर धोका कमी धरला जातो.

पाठवल्यावर रोज मेल टाकू नका. कंपनी आणखी तपशील मागते तेव्हा त्याच दिवशी उत्तर द्या. मधल्या वेळात तोच विसर दुसरीकडे पडलाय का ते बघा. इनव्हॉइसची पीडीएफ, परताव्याचं पान, मोबाइल ॲपची एपीआय. फरतडेने रिपोर्ट १६ एप्रिलला पाठवला होता, आणि नंतर तीच माहिती उघड करणारा आणखी एक एंडपॉइंट त्याला सापडला.