दोन धक्क्यांत मुक्काम

गुळगुळीत रुळावर एक किलो वजनाची छोटी गाडी उभी आहे. घर्षण जवळजवळ नाही असं धरू. तिला दहा सेंटीमीटर पुढे नेऊन तिथेच पूर्ण थांबवायचं आहे. गाडी ओढणाऱ्या मोटरला किती जोर लावायचा ते एक संगणक ठरवतो, पण त्याचं गाडीकडे अखंड लक्ष नसतं. ०.१ सेकंदाला एकदा तो गाडीचं स्थान आणि वेग मोजतो, हिशेब करतो आणि मोटरला एक आकडा देतो. पुढच्या मोजणीपर्यंत मोटर तेवढाच जोर लावत राहते. दोन मोजण्यांमधल्या या अंतराला आपण नमुनाकाळ म्हणू. आजची बहुतेक नियंत्रणयंत्रणा अशीच टप्प्याटप्प्याने चालते.

आता प्रश्न असा, की ही गाडी कमीत कमी किती टप्प्यांत मुक्कामी पोचून थांबेल? उत्तर आहे दोन. पहिल्या ०.१ सेकंदात तिला १० न्यूटन जोराने पुढे ढकला. ती पाच सेंटीमीटर जाईल आणि तिचा वेग सेकंदाला एक मीटर होईल. पुढच्या ०.१ सेकंदात तेवढाच जोर उलटा लावा. ती उरलेले पाच सेंटीमीटर जाईल आणि नेमकी तिथेच तिचा वेग शून्य होईल. ०.२ सेकंदात काम संपलं, आणि संपलं म्हणजे पुरतं संपलं. जी नियंत्रणपद्धत व्यवस्थेला असं शक्य तितक्या कमी नमुन्यांत थांबवते, तिला डेडबीट नियंत्रण म्हणतात.

यातली नवलाई समजायला नेहमीची पद्धत आठवावी लागते. साध्या नियंत्रकात चूक दर क्षणी ठरावीक प्रमाणात घटत जाते: निम्मी, मग निम्म्याची निम्मी. ती नगण्य होते, पण कागदावर कधीच शून्य होत नाही. टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या व्यवस्थेत मात्र ती मोजक्या टप्प्यांत खरोखर शून्य करता येते. किती टप्पे, हे व्यवस्थेच्या घडणीवर ठरतं. आपल्या गाडीत दोनच गोष्टी जागेवर आणायच्या आहेत, स्थान आणि वेग. दोन अटी पाळायच्या तर हातात दोन अज्ञात आकडे हवेत, म्हणजे दोन धक्के. मोटर आणि गाडी यांच्यामध्ये लवचिक पट्टा आला, तर पट्ट्याचा ताण आणि त्याची थरथरही शमवावी लागेल, आणि धक्के त्या हिशेबाने वाढतील.

संगणकाला हे धक्के आधी लिहून द्यावे लागत नाहीत. त्याच्याकडे एक नियम असतो. आपल्या गाडीसाठी तो असा: उरलेलं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला १०० ने गुणा, त्यातून वेगाची १५ पट वजा करा, जे येईल तितके न्यूटन जोर लावा. सुरुवातीला ०.१ मीटर उरलेलं असतं आणि वेग शून्य, म्हणून १० न्यूटन. मध्यावर उरलेल्या अंतराचे ५ येतात आणि त्यातून वेगाचे १५ वजा होतात, म्हणजे उणे १०. नियम जाणीवपूर्वक असा बांधलेला असल्यामुळे कुणी गाडीला मध्येच ढोसलं, तरी त्यानंतरच्या दोन नमुन्यांत ती पुन्हा जागेवर येते. अंतर एक सेंटीमीटर असो वा एक मीटर, टप्पे दोनच लागतात. नियंत्रकाला अंतराचा पल्ला कळतच नाही. तो फक्त त्या प्रमाणात जोर मागतो, आणि अडचण सुरू होते ती इथे.

संगणक वेगवान आहे, तर नमुनाकाळ कमी का करू नये? ०.१ ऐवजी ०.०५ सेकंद घ्या. आता तेच दहा सेंटीमीटर निम्म्या वेळात कापायचे, म्हणजे दुप्पट वेग हवा, आणि तो दुप्पट वेगही निम्म्या वेळात गाठायचा. जोर चौपट होतो: ४० न्यूटन. नमुनाकाळ ०.०१ सेकंदावर आणला तर १,००० न्यूटन लागतात, म्हणजे साधारण एक क्विंटल धान्याचं पोतं उचलायला लागेल इतका जोर, आणि तोही किलोभराच्या गाडीला बोटभर लांब हलवण्यासाठी. अर्ध्या वाटेवर ती गाडी सेकंदाला दहा मीटर वेगाने धावत असेल. एरवी भराभर मोजणं म्हणजे चांगलं नियंत्रण असं शिकवलं जातं, आणि ते बरोबरही आहे. पण डेडबीटमध्ये नमुनाकाळ हा मोजणीचा तपशील उरत नाही. टप्प्यांची संख्या ठरलेली असल्यामुळे थांबायला लागणारा वेळ तोच ठरवतो. तो दहापट घटवणं म्हणजे मोटरकडे शंभरपट जोर मागणं.

खऱ्या मोटरला मर्यादा असते. समजा आपली मोटर ४ न्यूटनच्या पलीकडे जाऊच शकत नाही, आणि नियम मात्र ०.१ सेकंदाच्या नमुनाकाळासाठी बांधलेला तोच आहे. पहिल्या टप्प्यात तो १० मागतो, मिळतात ४. गाडी दोनच सेंटीमीटर सरकते. दुसऱ्या टप्प्यात हिशेब २ न्यूटनचा येतो, तो पुरा होतो, आणि गाडी सात सेंटीमीटरवर पोचते. पण तोवर तिचा वेग सेकंदाला ०.६ मीटर झालेला असतो. आता ब्रेक लावण्यासाठी नियम उलटे ६ न्यूटन मागतो आणि पुन्हा चारच मिळतात. गाडी मुक्काम ओलांडून एक सेंटीमीटर पुढे जाते. त्यापुढच्या टप्प्यात ती आणखी अर्धा सेंटीमीटर पुढे जाऊन मागे वळते, आणि पाचव्या टप्प्याअखेर जागेवर थांबते. म्हणजे ०.२ सेकंदांऐवजी ०.५ सेकंद, आणि वर दीड सेंटीमीटरची धडक. त्या जागी भिंत असती तर गाडी आपटली असती.

याच ४ न्यूटनच्या मोटरने दहा सेंटीमीटर लवकरात लवकर कापायचे, तर पूर्ण जोर पुढे आणि मग पूर्ण जोर मागे, असं करून ०.३१६ सेकंद लागतात. भौतिकशास्त्र याहून कमी वेळ देत नाही. आणि नमुनाकाळ त्याच्या निम्मा, म्हणजे ०.१५८ सेकंद घेतला, तर डेडबीट नियम नेमका ४ न्यूटनच मागतो आणि नेमका तितक्याच वेळात गाडी थांबवतो. म्हणजे मोटरची मर्यादा आणि सर्वांत मोठा पल्ला यांवरून नमुनाकाळ ठरवावा. उलट्या दिशेने गेलं की वरची दीड सेंटीमीटरची गोष्ट घडते. अर्थात याची किंमत आहे: लहान पल्ल्याला मोटरची ताकद बहुतांश पडून राहते, कारण एक सेंटीमीटरलाही तेवढेच ०.३१६ सेकंद लागतात.

आक्रमकपणाचा दुसरा परिणाम मोजणीतल्या चुकीवर दिसतो. स्थान मोजणारा सेन्सर ०.१ मिलिमीटर चुकला, तर ०.१ सेकंदाच्या नियमात जोर ०.०१ न्यूटनने हलतो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. एक मिलिसेकंदाच्या नियमात तीच चूक १०० न्यूटनचा झटका देते. गाडी जागेवर उभी असताना मोटर सतत गुरगुरत, तापत राहिली, तर आधी तिथे पाहावं.

तिसरी बाब म्हणजे वजनाचा अंदाज. एक किलोसाठी बांधलेल्या नियमावर सव्वा किलोची गाडी चालवली, तर दोन नमुन्यांनंतर ती चार मिलिमीटर अलीकडे असते, पण अजून धावत असते. तिसऱ्या नमुन्याला दहा मिलिमीटर पुढे जाते आणि हळूहळू शमत जाते. दोन नमुन्यांचं वचन गणित अचूक असेल तेवढ्यापुरतंच असतं.

यापेक्षा फसवा दोष वेगळाच आहे. नमुन्यांवर आधारलेल्या नियंत्रणाचं गणित १९५० च्या दशकात बांधलं गेलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन रगाझिनी आणि लोत्फी झादे यांचा १९५२ चा लेख त्यातला पायाचा दगड आहे. त्या गणितात व्यवस्था फक्त नमुन्याच्या क्षणी दिसते, आणि त्यामुळे एक मोह होतो. आपण वेगाची अट सोडून दिली आणि मोजणीच्या क्षणी गाडी मुक्कामावर असली म्हणजे झालं, एवढंच मागितलं तर? मग एकच टप्पा पुरतो. २० न्यूटन लावा, ०.१ सेकंदात गाडी दहा सेंटीमीटरवर. पण तिथे तिचा वेग सेकंदाला दोन मीटर असतो. पुढच्या नमुन्याला ती पुन्हा तिथेच हवी, म्हणून उलटे ४० न्यूटन. ती पाच सेंटीमीटर पुढे जाऊन परत येते, आता उलट्या वेगाने. मग पुन्हा ४० न्यूटन, पाच सेंटीमीटर मागे. हे संपतच नाही. संगणकाच्या नोंदीत मात्र प्रत्येक नमुन्याला चूक शून्य असते! नोंदवही निर्दोष आणि यंत्र थरथरतंय, अशा वेळी स्थान दहापट वेगाने मोजून पाहावं, किंवा मोटरला दिलेल्या आकड्यांकडे पाहावं. ते नमुन्यागणिक चिन्ह बदलत असतील तर निदान झालं. रुडॉल्फ काल्मान यांनी १९५७ मध्ये कोलंबियातूनच डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या अवस्था-पद्धतीत स्थान आणि वेग दोन्हींची अट एकत्र धरली जाते, म्हणून तिथे मधलं हे दोलन उरत नाही. एक टप्पा जास्त द्यावा लागतो, एवढंच.

मग डेडबीट खऱ्या कामाला कुठे येतं? जिथे शांत करायची गोष्ट एकच आहे आणि जोर लावणारं साधन अतिशय चपळ आहे, तिथे. मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमधला विद्युतप्रवाह हे त्याचं नामी उदाहरण. वेटोळ्यातला प्रवाह बदलायला व्होल्टेज लागतं, आणि इन्व्हर्टरमधले स्विच ते सेकंदाला हजारो वेळा बदलू शकतात. वेटोळ्याचं इंडक्टन्स ५ मिलिहेन्री आणि नमुनाकाळ १०० मायक्रोसेकंद असेल, तर प्रवाह एका नमुन्यात २ अँपिअरने बदलायला १०० व्होल्ट पुरतात. १० अँपिअरसाठी ५०० लागतात, आणि आतल्या डीसी पुरवठ्यात ४०० च असतील तर पुन्हा तीच मर्यादा आडवी येते. मग एकाऐवजी दोन-तीन नमुने लागतात. हिशेब करायला संगणकाला एक नमुनाकाळ लागत असेल, तर तेवढा पुढचा प्रवाह आधीच वर्तवून घ्यावा लागतो.

इथेही अंदाज चुकण्याची वाट ठरलेली आहे. प्रवाह खूप वाढला की मोटरच्या लोखंडाची चुंबकीय क्षमता संपत येते आणि इंडक्टन्स घटतं. संगणक मात्र जुनाच आकडा धरून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज लावतो. प्रवाह लक्ष्याच्या पुढे जातो, पुढच्या नमुन्याला मागे येतो. हिशेबाला उशीर लागत नाही असं धरलं, तरी खरं इंडक्टन्स धरलेल्या आकड्याच्या निम्म्याखाली गेल्यावर हे हेलकावे प्रत्येक नमुन्याला वाढत जातात. उशीर असेल तर त्याहून लवकर. म्हणून अशा नियंत्रकात इंडक्टन्सचा आकडा मुद्दाम थोडा कमी धरतात, किंवा मागितलेल्या दुरुस्तीचा काही भागच एका नमुन्यात लावतात. प्रवाह मग एका ऐवजी तीन-चार नमुन्यांत बसतो, म्हणजे ३०० ते ४०० मायक्रोसेकंदांत.