गाळ्याची अनामत वहीत कशी लिहायची?

तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पोचवायचे म्हणून आमच्या गटाने बोईसरला एक गाळा भाड्याने घेतला होता. करार अकरा महिन्यांचा, भाडे महिना 5,000 आणि अनामत 30,000 रुपये. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला पैसे दिले आणि वहीत ‘खर्च’ म्हणून लिहून मोकळ्या झालो. इथेच आमचं चुकलं.

अनामत मालकाकडे असली तरी पैसे आपलेच असतात, ते आपलं येणं असतं. म्हणून किर्दीत नावे बाजूला ‘गाळा अनामत’ असं वेगळं खातं लिहायचं. 31 मार्चच्या ताळेबंदात हे 30,000 मालमत्तेच्या बाजूला दिसले पाहिजेत. आम्ही खर्चात टाकल्यामुळे डब्यांचा धंदा तोट्यात दिसला आणि दोघीजणी गट सोडायला निघाल्या.

पुढे डबे कमी झाले, म्हणून मेअखेरीस गाळा सोडला. करारात एक महिन्याची आगाऊ सूचना द्यायची अट होती, ती आम्ही पाळली नाही. मालकाने 9,000 कापून 21,000 परत केले. ते पैसे हातात आल्यावर बायका म्हणाल्या, “नफा झालाय, वाटून घेऊया!” अहो, नफा कसला? आपलेच पैसे कमी होऊन परत आले होते.

मग आधीची चूक दुरुस्त करून वही नीट लिहिली. आलेले 21,000 जमा बाजूला ‘गाळा अनामत’ खात्यातच जमा केले. उरलेले 9,000 रोखीने आलेच नाहीत, म्हणून त्यांची बदली नोंद केली. जमा बाजूला गाळा अनामत 9,000. नावे बाजूला मे महिन्याचं वीजबिल 2,200, फुटलेल्या लाद्यांची दुरुस्ती 1,800 आणि सूचना न दिल्याबद्दल कापलेले 5,000 ‘अनामत कपात’ म्हणून. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, रोख शिल्लक हलली नाही आणि अनामत खातं शून्यावर आलं. ते शून्य झालं नाही, तर कुठेतरी नोंद राहिली आहे असं समजायचं.

कपात एकाच आकड्यात का लिहायची नाही? वीजबिल डब्याच्या खर्चातच धरायचं, कारण वीज आपणच वापरली. ते 5,000 मात्र आपल्या चुकीची किंमत. डब्याचा दर ठरवताना ते धरले, तर दर उगाच वाढतो.

मालकाकडून कपातीचा तपशील सहीनिशी घ्या, लाद्यांची पावतीही मागा. एखादी रक्कम मान्य नसेल, तर निकाल लागेपर्यंत ती तोट्यात टाकू नका, अनामत खात्यातच येणं म्हणून ठेवा. आणि करार लेखी, नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. किती कापायचं हे त्या कागदावर आधीच लिहिलेलं असलं, की गाळा सोडताना वाद होत नाही.