फोटोतली घरपट्टी, वहीतली नोंद

महापालिकेचे बिल घरी आले की बहुतेकांची नजर सरळ एकूण रकमेवर जाते. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो, तो घरच्या ग्रुपवर पडतो आणि वहीत एक ओळ उमटते, ‘घरपट्टी १२,८३०’. वर्षभराने हीच ओळ मुकी ठरते. यातला या वर्षाचा कर किती, जुनी बाकी किती, शास्ती किती आणि ती कोणत्या तारखेपर्यंत मोजलेली, यातले काहीच तिच्यावरून कळत नाही. पुढच्या बिलात पुन्हा थकबाकी दिसली, तर ती खरी की पालिकेकडून राहून गेलेली, हे ठरवायला हातात काही उरत नाही.

पुण्याच्या मिळकत कराचे उदाहरण घेऊ. तिथे कर वर्षाचा असला तरी आकारणी दोन सहामाहींत होते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष उपकर असे पालिकेचे कर एकेका ओळीत येतात. त्यांच्याबरोबर राज्य शासनाचा शिक्षण करही असतो, कारण तो पालिकाच गोळा करून शासनाकडे भरते. या ओळींना थकबाकी, पहिली सहामाही, दुसरी सहामाही आणि एकूण असे उभे रकाने छेदून जातात. म्हणजे बिलावरचा प्रत्येक आकडा एका आडव्या ओळीत असतो आणि एका उभ्या रकान्यातही. फोटोतून आकडे उतरवताना ही चौकट सुटली, तर आकडे अचूक वाचूनही नोंद चुकते.

आधी फोटोविषयी. आजच्या साध्या मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो सुमारे चार हजार गुणिले तीन हजार ठिपक्यांचा असतो. ए-फोर आकाराचे बिल त्यात कडेपर्यंत भरले, तर दर इंचाला साडेतीनशेच्या आसपास ठिपके मिळतात. मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमना साधारण तीनशे पुरतात, त्यामुळे काम नीट होते. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू सोळाशे ठिपक्यांच्या आसपास येते आणि इंचाला जेमतेम एकशे चाळीस उरतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण बारीक छपाईतला देवनागरी १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. म्हणून फोटो पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. बिल घडीच्या रेषा दाबून सपाट ठेवावे, मोबाइल बरोबर वर धरावा आणि उजेड एका बाजूने येऊ द्यावा, म्हणजे स्वतःचीच सावली रकान्यांवर पडत नाही.

मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट हा मुक्त प्रोग्रॅम मराठीसाठी उपलब्ध आहे. बिलावर देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्या असतात, म्हणून दोन्ही भाषा सांगाव्या लागतात. फोटोतून फक्त करांचा तक्ता कापून घेतला, तर आज्ञा अशी:

```
tesseract takta.png takta -l mar+eng --psm 6
```

शेवटचा सहा हा आकडा प्रोग्रॅमला सांगतो, की समोरचा मजकूर एकसंध ठोकळा समज. एरवी तो पानाची मांडणी स्वतः ठरवू पाहतो आणि एका रकान्यातले सगळे आकडे आधी, दुसऱ्यातले नंतर, असे वाचून ओळी मोडतो. मोबाइलमधल्या तयार सोयीने मजकूर उचलला, तरी हीच अडचण येते. आकडे सगळे मिळतात, पण कोणता थकबाकीचा आणि कोणता चालू मागणीचा हे निसटते.

मग वाचलेला आकडा बरोबर आहे हे कशावरून ओळखायचे? याची सोय बिलातच आहे, फक्त ती कोणी वापरत नाही. ती म्हणजे बेरीज.

समजा, नमुन्याच्या बिलात सर्वसाधारण कराची थकबाकी २,९१४ आहे, दोन सहामाही प्रत्येकी १,४५७ आणि एकूण ५,८२८. प्रोग्रॅमने थकबाकी २,११४ वाचली. २,११४ अधिक १,४५७ अधिक १,४५७ म्हणजे ५,०२८. छापील एकूण ५,८२८. फरक आठशे. आता थकबाकीचा उभा रकाना पाहू. त्यात पालिकेचे इतर कर मिळून २,०८६, शिक्षण कर १,०५२ आणि शास्ती ७२६ आहे. चुकीच्या वाचनाने रकान्याची बेरीज ५,९७८ येते, तर छापील आकडा ६,७७८ आहे. इथेही नेमका आठशेचाच फरक. ओळ आणि रकाना दोन्ही एकाच रकमेने चुकले, म्हणजे चूक जिथे ते छेदतात त्याच घरात आहे. बाकीचे बिल पुन्हा वाचायची गरज नाही.

फरकाचा आकडा चुकीची जातही सांगतो. आठ, ऐंशी, आठशे असा फरक आला की पहिला संशय एक आणि नऊ यांच्या अदलाबदलीचा घ्यावा. तीनाचा फरक तीन-सहा किंवा रोमन पाच-आठ यांच्यातला असू शकतो. रक्कम शंभरपट झाली असेल, तर पैशांआधीचा टिंब गळला आहे. ओळीच्या शेवटी अचानक एक वाढला असेल, तर बहुधा तक्त्याची उभी रेघच आकडा म्हणून वाचली गेली आहे. रुपया-दोन रुपयांचा फरक मात्र सोडून द्यावा, तो पूर्णांकाचा असतो. आणखी एक खूण आहे. वर्षात मिळकतीत काही बदल झाला नसेल, तर दोन्ही सहामाहींचे आकडे सारखेच असायला हवेत.

बेरजेने वाचन तपासले जाते, शास्ती मात्र वेगळी तपासावी लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. पुण्यात पहिल्या सहामाहीवर ती सर्वसाधारणपणे १ जुलैपासून आणि दुसरीवर १ जानेवारीपासून धरली जाते. नमुन्यातल्या घराचा मागच्या वर्षीचा संपूर्ण कर थकला आहे, प्रत्येक सहामाही ३,०२६ रुपयांची. सोपे जावे म्हणून इथे सगळ्या करांवर एकच दर धरला आहे. पहिल्या सहामाहीवर मार्चअखेर नऊ महिन्यांचे १८ टक्के म्हणजे ५४५ रुपये, दुसरीवर तीन महिन्यांचे ६ टक्के म्हणजे १८२. बेरीज ७२७. बिलात ७२६ आहे, म्हणजे आकडा जुळला. तो दुप्पट निघाला असता, तर एखादी जुनी बाकी किंवा न नोंदवलेला भरणा शोधावा लागला असता.

यातूनच थकबाकीचा खरा स्वभाव कळतो. ही रक्कम एका जागी थांबत नाही. बिलातली ६,७७८ रुपयांची थकबाकी ३१ मार्चची असेल, तर ६,०५२ रुपयांच्या मूळ करावर दर महिन्याला १२१ रुपये चढत राहतात. मेअखेरीस खिडकीवर गेलेल्या माणसाकडे फोटोतल्या रकमेपेक्षा २४२ रुपये जास्त मागितले जातात आणि तो बिल चुकल्याची तक्रार करतो. वहीत थकबाकीशेजारी ‘कोणत्या तारखेपर्यंत’ हा रकाना नसेल, तर ती रक्कम लिहिण्यात अर्थ नाही. मूळ कर आणि शास्तीही वेगळ्या लिहाव्यात, कारण पालिकांनी काढलेल्या अभय योजनांत सूट शास्तीवर मिळते, करावर नाही. दुसरी सावधगिरी बेरजेची. मागच्या वर्षी न भरलेले बिल या वर्षीच्या थकबाकीत आधीच आलेले असते, त्यामुळे वहीतली जुनी बाकी त्यात पुन्हा मिळवू नये.

तारखांचा गोंधळ वेगळ्या प्रकारचा असतो. बिलावर बिलाची तारीख, सवलतीची मुदत, सहामाहीच्या मुदती आणि आर्थिक वर्ष असे सगळे जवळजवळ छापलेले असते. ‘२०२५-२६’ हे वर्ष प्रोग्रॅमला महिना-दिवसासारखे दिसू शकते. त्याहून फसवा प्रकार संगणकाच्या तक्त्यात होतो. तक्ता अमेरिकी पद्धतीवर बसवलेला असेल, तर ३१/०५/२०२५ ही तारीख त्याला पटत नाही आणि तो ती नुसता मजकूर म्हणून ठेवतो. ही चूक निदान दिसते. पण ०५/०६/२०२५, म्हणजे पाच जून, तो काही न बोलता सहा मे करून टाकतो. 2025-06-05 असे वर्ष आधी लिहिले की हा घोळ होत नाही. तारखेपुढे ती कशाची, हेही शब्दांत लिहावे. मागच्या वर्षीची मुदत आठवणीने कधी लिहू नये. पुण्यात एरवी ३१ मेपर्यंत असणारी सवलत २०२३ मध्ये बिले उशिरा गेल्याने जुलैअखेरपर्यंत नेण्यात आली होती.

सवलत कशावर मिळते, हेही नोंदीतून दिसायला हवे. पुण्यात वार्षिक करपात्र मूल्य २५ हजारांपर्यंत असेल, तर मुदतीत संपूर्ण बिल भरणाऱ्याला १० टक्के आणि त्याहून जास्त असेल तर ५ टक्के सूट मिळते. ही सूट फक्त सर्वसाधारण करावर असते. नमुन्यातल्या घराचे करपात्र मूल्य १४,५०० आहे आणि वर्षाचा सर्वसाधारण कर २,९१४, म्हणून सूट २९१ रुपये. एकूण १२,८३० वर दहा टक्के धरून १,२८३ मिळतील अशी आशा ठेवणाऱ्याची निराशाच होते.

करपात्र मूल्य हा आकडा लोक वहीत घेतच नाहीत, आणि खरे तर सगळ्यात जपून उतरवण्यासारखा तोच आहे. घरमालक स्वतः राहत असेल, तर पुण्यात त्याच्या करपात्र रकमेत ४० टक्के सवलत आहे. ती काही वर्षे काढून घेतली गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा देण्यात आली. अनेकांना त्यासाठी स्वतः राहत असल्याचा अर्ज भरावा लागला. ही सवलत गेली की १४,५०० चे थेट २४,१६७ होतात, म्हणजे पावणेदोन पटींच्या जरा खाली. दोन वर्षांची करपात्र मूल्ये शेजारी असतील, तर ही उडी लगेच नजरेत भरते आणि ती फोटो वाचताना झालेली चूक नाही हेही कळते, कारण तिच्याबरोबर करांच्या ओळीही त्याच प्रमाणात वाढलेल्या असतात. मुंबईचे बिल इथे वेगळे पडते. तिथे २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते, तेव्हा दोन शहरांत घरे असणाऱ्यांनी हे आकडे एका रकान्यात लिहून तुलना करू नये.

वहीत किंवा तक्त्यात एका बिलाची एक ओळ पुरते. तिच्यात आर्थिक वर्ष, मिळकत क्रमांक, करपात्र मूल्य, दोन सहामाहींचा कर, थकीत मूळ कर, थकीत शास्ती, ती कोणत्या दिवसापर्यंतची, सवलतीची मुदत, दोन्ही सहामाहींच्या मुदती आणि मूळ फोटोच्या फाइलचे नाव असावे. मिळकत क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवावा, नाहीतर त्यातली सुरुवातीची शून्ये तक्ता गिळून टाकतो. त्यात रोमन ओ अक्षर असेल, तर ते शून्य म्हणून वाचले गेले नाही ना, हेही पाहावे. या एका क्रमांकाला बेरजेची तपासणी लागू होत नाही, तो जुन्या पावतीशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा लागतो.

भरणा झाला की त्याच ओळीत तारीख, रक्कम आणि पावती क्रमांक येतो. भरलेली रक्कम बहुधा आधी जुन्या बाकीत वळती होते, त्यामुळे निम्मे बिल भरणाऱ्याला ‘पहिली सहामाही भरली’ असे वाटत असले, तरी पालिकेच्या खात्यात ती सहामाही अजून बाकीच असू शकते. पुढच्या एप्रिलमध्ये थकबाकीच्या रकान्यात आकडा दिसला, तर या ओळीवरून तो सहामाहीचा उरलेला कर आहे, शास्ती आहे, की चेक न वटल्याने परत लागलेली मागणी आहे, हे वजाबाकीने काढता येते. क्षेत्रीय कार्यालयात जाताना मग हातात पावती क्रमांक असतो आणि नेमक्या कोणत्या रकमेबद्दल विचारायचे ते ठरलेले असते.