तोडलेली सर्व्हिस, अडकलेली ऑर्डर

डिझाइन राउंडमध्ये ऑनलाइन दुकानाचा आराखडा मागितला की बरेच उमेदवार लगेच फळ्यावर दोन चौकोन काढतात: ऑर्डर आणि साठा, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा. मग प्रश्न येतो, ऑर्डर नोंदवली आणि साठा कमी करताना नेटवर्क तुटलं तर?

मोनोलिथमध्ये, एकाच डेटाबेसवर, दोन्ही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतात. एक फसली की दुसरीही मागे घेतली जाते. तोडल्यावर ही सोय जाते. उत्तर आलं नाही म्हणून साठा कमी झालाच नाही, असं धरता येत नाही; काम होऊन फक्त निरोप हरवला असेल. म्हणून विनंती पुन्हा पाठवताना तोच ऑर्डर क्रमांक ओळखून दुसरी वजाबाकी टाळावी लागते. साठा संपलाच असेल तर नोंदवलेली ऑर्डर रद्द करणारा कोडही लिहावा लागतो. पाच जणांच्या टीमने हा व्याप कशासाठी ओढवून घ्यायचा?

फोटो लहान करण्याचं काम मात्र खुशाल वेगळं काढावं. ते प्रोसेसर खातं, उशिरा झालं तरी चालतं आणि ऑर्डरच्या व्यवहाराशी त्याचा संबंध नसतो. चुकीची तोड ओळखू येते ती डिप्लॉयच्या वेळी: प्रत्येक छोट्या बदलासाठी दोन्ही सर्व्हिस एकत्रच चढवाव्या लागतात.