बोगदा चालू, पण माहिती जात नाही

दोन शाखांच्या राउटरमध्ये आयपीसेक प्रकारचं व्हीपीएन जोडलंय. दोन्हीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी आहे आणि पडद्यावर बोगदा 'चालू' दिसतोय. तरीही एका शाखेतून दुसऱ्या शाखेतली एकही फाइल उघडत नाही. फायरवॉल पाहणारा सांगतो, "५०० पोर्ट उघडं आहे." त्याचं म्हणणं खरं असतं, पण तेवढं पुरत नाही.

आयपीसेकचं काम दोन टप्प्यांत चालतं. आधी दोन्ही टोकं एकमेकांची ओळख पटवतात आणि किल्ल्या ठरवतात; हे बोलणं यूडीपी ५०० वर होतं. नंतर खरी माहिती ईएसपी नावाच्या पाकिटांतून जाते, आणि ईएसपीला पोर्टच नसतो. टीसीपी आणि यूडीपीसारखाच तो स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, त्याचा क्रमांक ५०. घोटाळा इथेच होतो. अनेकजण 'यूडीपी पोर्ट ५०' उघडतात, त्याचा काडीचा उपयोग नाही. नियमात प्रोटोकॉल ५० असंच लिहावं लागतं.

दोष नेमका कुठे आहे हे कळायला, पलीकडून माहिती पाठवत ठेवून आपल्या फायरवॉलच्या बाहेरच्या जोडणीवर हे चालवावं. आपल्याकडे त्या जोडणीचं नाव वेगळं असेल तर `eth0` च्या जागी ते लिहावं.

```
tcpdump -ni eth0 'udp port 500 or udp port 4500 or ip proto 50'
```

लिनक्सवर हा आदेश फायरवॉलने पाकीट टाकून देण्याआधीच ते पाहतो. म्हणून ईएसपी येताना दिसत असूनही माहिती पोचत नसेल, तर पहिला संशय आपल्याच नियमांवर घ्यावा. पलीकडून ईएसपी निघतंय पण इथे दिसतच नाही, तर वाटेत कुणीतरी अडवतंय.

घरून जोडणाऱ्याची गोष्ट वेगळी. घरचा राउटर एकच पत्ता सगळ्यांना वाटून देतो आणि कुणाचं पाकीट कुणाचं हे पोर्टवरून ओळखतो. ईएसपीला पोर्ट नसल्याने तो गोंधळतो. म्हणून वाटेत असा राउटर आढळला की दोन्ही टोकं यूडीपी ४५०० वर जातात आणि ईएसपी त्याच्या पोटात घालतात. ४५०० बंद असेल तर जोडणी सुरुवातीलाच अडकते, 'चालू' असं दिसतही नाही.

एल२टीपी आयपीसेकच्या आतूनच जातं. त्याचं १७०१ पोर्ट इंटरनेटसाठी उघडं ठेवणं मला धोक्याचं वाटतं, कारण मग विनासांकेतिक जोडणीलाही वाट मिळते.

बाकीच्यांचं काम सोपं आहे. ओपनव्हीपीएनला सहसा यूडीपी ११९४ लागतं, वायरगार्डला बहुधा यूडीपी ५१८२०. दोन्ही बदलता येतात. एसएसटीपी टीसीपी ४४३ वापरतं, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचंच पोर्ट. त्यामुळे हॉटेलच्या कडक वायफायवरही ते बहुतेकदा निघून जातं. जुन्या पीपीटीपीला टीसीपी १७२३ सोबत प्रोटोकॉल ४७ हवा, पण त्याची सुरक्षा केव्हाच मोडली आहे. त्यासाठी नियम लिहिण्यापेक्षा ते काढून टाकावं.